‘औषधाला लोह लागतं ना?’ : हिवतापाच्या एका रुग्णाचं प्रकरण

हे प्रकरण गडचिरोली जिल्ह्यातल्या, जंगलाला लागून असलेल्या एका गावातलं आहे. मी तेव्हा तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, घरची माणसं आणि तारखा थोड्या बदलल्या आहेत. उपचारांचा क्रम आणि आमची चूक मात्र जशी घडली तशीच लिहिली आहे.

पार्श्वभूमी

ऑगस्टचा पहिला आठवडा होता. धानाचा रोवणा जोरात चालू होता. अशा दिवसांत ताप अंगावर काढणं ही आमच्याकडची रीतच आहे, कारण एक दिवस बांधीत गेलं नाही तर मजुरी जाते आणि टोळीतली जागाही जाते. चौतीस वर्षांची ही बाई चार दिवस ताप घेऊन रोवायला जात होती. पाचव्या दिवशी ती बांधीच्या धुऱ्यावरच बसून राहिली, तेव्हा सोबतच्या बायांनी आशाताईला बोलावलं.

आशाताईने बोट टोचून किटवर तपासणी केली. फॅल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीची रेघ उमटली. सोबत रक्ताची काचपट्टीही घेऊन तिने बाईला केंद्रात आणलं. वजन ४१ किलो, ताप १०२, हिमोग्लोबिन ७.४. उलट्या नव्हत्या, शुद्ध नीट होती, लघवीचा रंग साधा होता. गरोदर नसल्याची खात्री करून घेतली. म्हणजे आजार गंभीर प्रकारातला नव्हता आणि गोळ्यांवर उपचार करता येणार होते.

आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला मोजून आकडा द्यायची सवय होती. त्याने एका मायक्रोलिटरला सुमारे १८,००० परजीवी असल्याचं सांगितलं आणि मला पट्टी बघायला बोलावलं. भिंगाखाली लाल पेशींमध्ये नाजूक अंगठ्या दिसत होत्या, खड्याच्या जागी लाल ठिपका असलेल्या. एकदोन पांढऱ्या पेशींच्या पोटात काळपट तपकिरी कण होते. ते कण लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्याशी जोडलेली आहे.

मोठ्या माणसांसाठीच्या गोळ्यांचं पांढरं पाकीट सुरू केलं. आर्टेसुनेट २०० मिलिग्रॅम रोज एकदा, तीन दिवस. पहिल्या दिवशी त्यासोबतच सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनच्या दोन गोळ्या. दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विन ४५ मिलिग्रॅम, एकदाच. पहिला डोस माझ्यासमोर घ्यायला लावला आणि अर्धा तास बसवून ठेवलं, कारण तेवढ्यात उलटी झाली असती तर तो परत द्यावा लागला असता.

अडचण

दुसऱ्या दिवशी सायंकाळी तिचा मुलगा केंद्रात आला. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकणारा, आई आजारी म्हणून सुट्टी काढून आलेला. हातात औषधाच्या दुकानातली पिशवी होती. त्यातली लोहाची लाल बाटली काढून त्याने टेबलावर ठेवली.

“मॅडम, आईचं रक्त कमी आहे. आणि हे औषध लोहामुळेच काम करते असं मी वाचलं. मग लोह वाढवलं तर औषध जास्त काम करन ना?”

प्रश्न चांगला होता. त्याने वाचलेलं खरं होतं, फक्त अर्धं होतं. त्याच्या मागे आई उभी होती आणि तिची गोष्ट वेगळीच होती.

“मले आता बरं वाट्टे मॅडम. ताप उतरला. उद्यापासून रोवायले जातो. उरलेली गोळी घरवाल्यासाठी ठेवून देतो, त्यालेबी ताप येते मधात मधात.”

एकाला औषध वाढवायचं होतं आणि दुसरीला थांबवायचं होतं. दोघांनाही एकच गोष्ट समजावून सांगणं भाग होतं: हे औषध परजीवीला नेमकं कसं मारतं.

औषध लोहाचा वापर कसा करतं

मी त्या मुलाला तंत्रज्ञाकडे नेलं आणि पट्टीवरचे ते काळपट कण दाखवले. ‘हेच लोह,’ मी म्हटलं.

हिवतापाचा परजीवी लाल पेशीत शिरला की हिमोग्लोबिन खाऊ लागतो. हिमोग्लोबिन म्हणजे ग्लोबिन हे प्रथिन आणि त्यात बसलेला लोहाचा घटक, हीम. आमच्याकडच्या माणसाला सांगायचं तर जणू धान: ग्लोबिनच्या तुसात हीमचा दाणा झाकलेला. परजीवीला हवं असतं ते तूस, म्हणजे प्रथिन. ते तो आपल्या अन्नकोषात पचवतो. मागे उरतं ते उघडं पडलेलं हीम, आणि ते त्याच्यासाठी विषारी असतं. म्हणून तो त्याचे स्फटिक बनवून बाजूला टाकतो. भिंगाखाली दिसलेले काळपट कण म्हणजे हे स्फटिक, हिमोझॉइन. परजीवीने टाकलेलं ते हिमोझॉइन पांढऱ्या पेशींनी गिळलेलं होतं.

आर्टेसुनेट ज्यापासून बनतं त्या आर्टेमिसिनिनच्या रेणूत एक पेरॉक्साइड पूल आहे, दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना जोडलेले, `O–O`. हा बंध मुळातच दुबळा असतो. उघड्या हीममधलं लोह `Fe²⁺` रूपात त्याच्याजवळ आलं की एक इलेक्ट्रॉन देऊन तो पूल तोडतं. तुटलेल्या पुलापासून आधी ऑक्सिजनवर आणि मग रेणूतल्या मांडणीत बदल होऊन कार्बनवर जोडीविना राहिलेला इलेक्ट्रॉन तयार होतो. हा मुक्त मूलक क्षणभरही एकटा राहू शकत नाही. जवळ जे सापडेल त्याला तो चिकटतो: हीमलाच, किंवा परजीवीच्या प्रथिनांना. एखाद्या औषधाने एकाच कुलपाची किल्ली मोडावी तसं इथे होत नाही. परजीवीच्या शेकडो प्रथिनांवर एकदम मार बसतो आणि त्याची सगळी घडी विस्कटते. या पुलाचंच सगळं महत्त्व आहे हे एका साध्या गोष्टीवरून कळतं. ज्या आर्टेमिसिनिनमधून पुलाचा एक ऑक्सिजन काढून टाकला, तो जवळजवळ तसाच दिसणारा रेणू हिवतापावर काम करत नाही.

मुलाने लगेच विचारलं, “मग आपल्या चांगल्या पेशींतबी लोह आहे. त्या काहून नाही मरत?”

उत्तर त्या धानातच होतं. निरोगी लाल पेशीतलं हीम तुसात झाकलेलं असतं, ग्लोबिनच्या खोबणीत घट्ट बसलेलं. त्याच्याजवळ औषधाला जाता येत नाही. हीम उघडं करण्याचं काम परजीवी स्वतः करतो, त्याच्या पोटात. म्हणून औषध जागं होतं ते प्रामुख्याने तिथेच. आता बाटलीतल्या लोहाकडे या. ते आतड्यातून शोषलं गेलं की रक्तात ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाला बांधलं जातं, आणि तेही `Fe³⁺` रूपात. परजीवीच्या अन्नकोषात जाऊन ते हीम बनत नाही. शिवाय तापात यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक वाढवतं आणि ते आतड्यातून लोह आत येण्याची वाट जवळपास बंद करतं. म्हणजे त्या दिवशी ती बाटली पाजून औषधाला मदत झाली नसतीच, लोहही बव्हंशी वाया गेलं असतं.

आईच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांतून द्यावं लागलं. ४१ किलोच्या बाईच्या अंगात साधारण २.८ लिटर रक्त असतं, म्हणजे २८ लाख मायक्रोलिटर. प्रत्येकात १८,००० धरले तर पाच हजार कोटी परजीवी. लहान रक्तवाहिन्यांना चिकटून बसलेले त्यात धरलेलेच नाहीत. आर्टेसुनेट परजीवीच्या ४८ तासांच्या एका फेऱ्यात त्यांची संख्या साधारण दहा हजारपट कमी करतं. तीन दिवसांच्या गोळ्या अशा दोन फेऱ्यांना पुरतात. पाच हजार कोटींचे पहिल्या फेऱ्यात पन्नास लाख होतात आणि दुसऱ्यात पाचशे. पन्नास लाख उरले तरी ताप उतरतो, भूक लागते, माणूस रोवायला जाऊ शकतो. पण पन्नास लाख म्हणजे बियाण्याचा मोठा साठा आहे.

हे औषध शरीरात फार वेळ टिकत नाही. त्याचं कामाचं रूप, डायहायड्रोआर्टेमिसिनिन, तासाभरात निम्मं होतं. उरलेल्या पाचशेंना गाठायला ते थांबत नाही. ते काम सोबतच्या सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनचं, कारण ते रक्तात बरेच दिवस राहतं. ही वाक्यं मी त्या संध्याकाळी अगदी नीट उच्चारली होती. त्यांचा अर्थ मी स्वतःच पुरता लावला नाही, हे एकोणिसाव्या दिवशी कळलं.

समोरचे पर्याय

लोहाबाबत तीन वाटा होत्या. लगेच सुरू करायचं, कारण ७.४ हिमोग्लोबिन ही काही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नव्हती. कायमचं टाळायचं, कारण हिवतापात लोह वाईट असा समज आमच्या कर्मचाऱ्यांतही होता. किंवा ताप उतरून उपचार पूर्ण होईपर्यंत थांबायचं.

दुसऱ्या समजाला थोडा आधार आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, झांझिबारमधल्या पेंबा बेटावरच्या मोठ्या अभ्यासात लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड दिल्यावर गंभीर आजार आणि मृत्यू वाढलेले दिसले होते. पण तो तीव्र हिवताप असलेल्या भागातल्या, आधी तपासणी न केलेल्या मुलांचा अभ्यास होता. ज्या बाईचा हिवताप ओळखून उपचार चालू आहे आणि जिचं रक्त खरोखरच कमी आहे, तिला लोह कधीच द्यायचं नाही असा अर्थ त्यातून निघत नाही. म्हणून मी तिसरी वाट धरली.

मुलाने आणखी एक वाट सुचवली. त्याच्या फोनवर कुणीतरी दवण्याच्या काढ्याची माहिती पाठवली होती. आपला सुवासिक दवणा आणि जिच्यातून हे औषध मिळतं ती आर्टेमिसिया ॲन्युआ एकाच कुळातल्या, पण वेगळ्या वनस्पती आहेत. आणि खऱ्या वनस्पतीचाही काढा उपयोगाचा नसतो. आर्टेमिसिनिन पाण्यात नीट विरघळत नाही आणि पानात किती आहे ते झाडागणिक बदलतं. हे औषध शोधणाऱ्या चीनच्या संशोधक तू यूयू यांच्या गटालाही सुरुवातीला उकळून काढलेल्या अर्कातून भरवशाचा परिणाम मिळत नव्हता. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून रस पिळून प्यायला सांगितलं आहे, उकळायला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून त्यांनी अर्क काढला आणि १९७२ मध्ये शुद्ध आर्टेमिसिनिन हाती आलं. काढ्यातून अपुरी मात्रा गेली तर तेच होतं जे एक गोळी घेऊन थांबल्यावर होतं. मुलाला हे पटलं.

काय केलं

दुसरी गोळी माझ्यासमोर घेतली गेली. सोबत प्रायमाक्विनही. इथेही कारण हीमशीच जोडलेलं आहे. परजीवीची पूर्ण वाढलेली लैंगिक रूपं, म्हणजे गॅमेटोसाइट, हिमोग्लोबिन खाणं थांबवतात. उघडं हीम नाही, म्हणून आर्टेसुनेट त्यांच्यावर जवळपास निष्प्रभ ठरतं. डासामार्फत पुढच्या घरात जातात ती हीच रूपं, आणि त्यांच्यासाठी प्रायमाक्विन वेगळं द्यावं लागतं.

तिसरी गोळी घ्यायला आशाताई स्वतः सकाळी सहाला, टोळी निघण्याआधी, बाईच्या घरी गेली. गोळी तोंडात टाकून पाणी प्यायल्यावरच तिने नोंद केली. दुसऱ्या दिवशी तिने परत काचपट्टी घेतली. उपचार सुरू झाल्यापासून बहात्तर तास झाले होते. ती पट्टी स्वच्छ होती.

या पट्टीला मी फार मानते. ज्या परजीवींच्या के-१३ जनुकात बदल झाले आहेत, ते अंगठीच्या अवस्थेत हिमोग्लोबिन कमी गिळतात. उघडं हीम कमी, म्हणून औषध कमी जागं होतं आणि तिसऱ्या दिवशीही ते पट्टीवर दिसतात. कंबोडियाच्या पश्चिम भागात ही गोष्ट आधी अशीच, उशिरा स्वच्छ होणाऱ्या पट्ट्यांवरून लक्षात आली. आमच्या बाईच्या पट्टीवर काहीच नव्हतं. आर्टेसुनेटने आपलं काम केलं होतं.

मी मुलाला सांगितलं, “लोहाची बाटली आता बंद ठेव. पंधरा दिवसांनी या, मग आपण सुरू करू.” त्याने मान हलवली आणि बाटली पिशवीत टाकली.

एकोणिसावा दिवस

ती आली ती एकोणिसाव्या दिवशी, आणि तापाने. आशाताईच्या किटवर पुन्हा फॅल्सिपेरमची रेघ उमटली होती.

इथे दोन्हीकडून चूक होऊ शकली असती. ही किट परजीवीचं एक प्रथिन पकडते आणि परजीवी मेल्यावरही ते प्रथिन काही आठवडे रक्तात राहतं. म्हणजे नुसत्या रेघेवरून हिवताप परत आला असं म्हणता येत नाही. उलट, रेघ जुनीच असेल म्हणून ताप दुसऱ्या कशाचा समजून घरी पाठवणंही धोक्याचं. फैसला पट्टीवरच होऊ शकतो. तंत्रज्ञाने पट्टी पाहिली. अंगठ्या होत्या, मायक्रोलिटरला साधारण २,४००. हिमोग्लोबिन ७.९ होतं.

मग मी तो प्रश्न विचारला जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता: “या एकोणीस दिवसांत तोंडातून काय काय घेतलं? सगळं आणून दाखवा.”

मुलगा घरी जाऊन तीच पिशवी घेऊन आला. लोहाची बाटली तशीच, सील न उघडलेली. तिच्यासोबत फॉलिक ॲसिडच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांची पट्टी होती. दहापैकी नऊ गोळ्या संपल्या होत्या. मुलगा आला त्या दिवसापासून त्या रोज एक याप्रमाणे दिल्या गेल्या होत्या.

“तुम्ही लोह बंद ठेव म्हटलं होतं मॅडम. हे तर लोह नाही ना, व्हिटॅमिन आहे.”

तो बरोबर होता. मी लोहच म्हटलं होतं.

सल्फाडॉक्सिन आणि पायरीमेथामिन परजीवीची फोलेट बनवण्याची वाट अडवतात. त्याच वेळी बाहेरून भरपूर फॉलिक ॲसिड मिळालं तर परजीवीला त्या अडवलेल्या वाटेची गरज कमी पडते. केनियात गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीत रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांत सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनचे अपयश वाढले, ०.४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत नाही. लोहाच्या सरकारी लाल गोळीत फॉलिक ॲसिड अर्धा मिलिग्रॅमच असतं. दुकानातल्या गोळीत त्याच्या दहापट.

आता मागचा हिशेब जुळला. आर्टेसुनेटने पाच हजार कोटींचे पाचशेच्या आसपास करून ठेवले असतील. त्या पाचशेंना संपवणारा जोडीदार फॉलिक ॲसिडमुळे लंगडा झाला. परजीवी दर ४८ तासांना साधारण दहापट वाढतात. पाचशेचे पुन्हा कोटींत जायला दहा-बारा दिवस पुरतात. सोबतच्या औषधाने थोडं रोखून धरलं असेल तर एकोणिसावा दिवस अगदी बसतो.

तरी हे सिद्ध झालेलं नाही. तिला रोवणीच्या दिवसांत नव्या डासाने नवा हिवताप दिला असू शकतो, किंवा तिच्यातला परजीवी सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनला आधीच दाद देत नसेल. जुना की नवा हे परजीवीच्या जनुकांची तुलना करूनच सांगता येतं, आणि ती सोय आमच्याकडे नव्हती. फॉलिक ॲसिड हे मला सर्वांत संभाव्य कारण वाटतं, एवढंच.

उपचार ठरवताना कारणाचा निकाल लागण्याची गरज नव्हती. २८ दिवसांच्या आत ताप परजीवीसह परतला तर तेच मिश्रण परत देऊ नये. जिल्ह्याच्या हिवताप अधिकाऱ्यांशी बोलून आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन आणवलं. चार-चार गोळ्या, दुसरा डोस आठ तासांनी आणि मग सकाळ-सायंकाळ, एकूण तीन दिवस. यातलं आर्टेमेथर त्याच `O–O` पुलावर चालतं, पण जोडीदार वेगळा आहे आणि फोलेटशी त्याचा संबंध नाही. ल्युमेफँट्रिन स्निग्ध अन्नासोबतच नीट शोषलं जातं. म्हणून आशाताईने प्रत्येक डोसाआधी तेलात परतलेली भाजी आणि भात खायला लावला. एका सायंकाळी घरी भाजी नव्हती, तर ती स्वतःच्या घरून वाटीभर घेऊन गेली.

निकाल

ताप दीड दिवसात उतरला. तिसऱ्या दिवसाची पट्टी स्वच्छ, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचीही. उपचार संपल्यावर आठवड्याने सरकारी लाल गोळी सुरू केली. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.१ झालं. रोवणा तोवर संपला होता. धान कापणीला ती गेली.

काय वेगळं करता आलं असतं

मुलाच्या प्रश्नाने मी इतकी आनंदले होते की फक्त त्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. लोह कुठलं, हीम कुठलं, हे सांगण्यात अर्धा तास गेला आणि पिशवी टेबलावर असूनही मी तिच्यात हात घातला नाही. दोन मिनिटांत ती गोळ्यांची पट्टी दिसली असती.

पहिल्या दिवशीच्या नोंदीत ‘इतर औषधं’ असा रकाना होता. आम्ही तिथे ‘नाही’ लिहिलं होतं, कारण तोवर बाई खरंच काही घेत नसावी. मुलगा नंतर आला आणि नोंद तशीच राहिली. आता आम्ही तो प्रश्न तिसऱ्या डोसाच्या वेळी परत विचारतो, आणि ‘काय औषध घेता’ असं न विचारता ‘दुकानातून काय आणलं, दाखवा’ असं विचारतो. शब्द बदलल्यावर फरक पडला. माणसं शक्तीच्या गोळ्यांना औषध म्हणत नाहीत.

दुसरं, चौथ्या दिवशी पट्टी स्वच्छ आल्यावर मी निश्चिंत झाले. ती पट्टी आर्टेसुनेटबद्दल सांगत होती, जोडीदाराबद्दल काहीच नाही. चौदाव्या दिवशीची पट्टी आम्ही त्या हंगामात घेतली नाही, कारण आशाताई रोवणीत रोज पाच-सहा गावं फिरत होती. ती घेतली असती तर कदाचित ताप येण्याआधीच अंगठ्या दिसल्या असत्या.

त्या मुलाने पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या दुकानदाराला एक कागद लिहून दिला, हिवतापाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला ५ मिलिग्रॅमवालं फॉलिक ॲसिड विकू नका म्हणून. दुकानदाराने तो कपाटाच्या काचेवर आतून चिकटवला आहे. मी शेवटची गेले तेव्हाही तो तिथेच होता, शाई थोडी फिकी पडलेली.